सव्वा तासाच्या लेक्चरचे सात तुकडे : कात्री नेमकी कुठं लावायची

"सर, ते चिन्हाचं कुठल्या मिनिटाला हाय, तेवढं सांगा की."

हा प्रश्न मला जांबोटीकडून येणाऱ्या दहावीतल्या एका मुलीनं विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबी-आमगावच्या बाजूला जुलैत पाऊस लागला की चार-चार दिवस मुलं शाळेत पोचत नाहीत. म्हणून आमच्या विज्ञानाच्या सरांनी प्रकाशाच्या धड्याचा तास मोबाइलवर रेकॉर्ड केला होता. गोलीय आरसे, किरणाकृती, चिन्हसंकेत, गणितं, सगळं एका दमात. व्हिडिओ झाला १ तास १८ मिनिटं ४० सेकंदांचा आणि फाइल सुमारे १० जीबीची. शाळेतल्या कॉम्प्युटरचं काम माझ्याकडं असल्यानं ती फाइल लहान करून मुलांना द्यायची जबाबदारी माझी होती. मी ती लहान केली, दिली आणि काम झालं असं समजलो.

त्या मुलीनं व्हिडिओ एकदा पूर्ण पाहिला होता. आता तिला परीक्षेआधी फक्त एकच गोष्ट परत ऐकायची होती : अंतर्गोल आरशाचं नाभीय अंतर ऋण का घ्यायचं. त्यासाठी ती अंगठ्यानं ती पट्टी मागंपुढं सरकवत बसली होती. सव्वा तासाचा व्हिडिओ मोबाइलच्या वीतभर पडद्यावर असला, की बोट केसभर हललं तरी अर्धं मिनिट पुढं जातं. शिवाय फळा तोच, सर तेच, त्यामुळं चित्र बघून जागा ओळखता येत नाही. अर्धा तास घालवून तिनं नाद सोडला.

त्यानंतर मी त्या लेक्चरचे तुकडे करायला बसलो. मला वाटलं होतं तासाभराचं काम आहे. पहिल्या प्रयत्नात मी केलेले तुकडे टाकून द्यावे लागले, आणि का टाकावे लागले ते समजायला वेळ लागला.

घड्याळ नाही, प्रश्न

पहिल्यांदा मी सरळ दहा-दहा मिनिटांचे आठ भाग केले. यात चूक काय, ते पहिला भाग संपतानाच कळतं. सर नाभी म्हणजे काय सांगत होते आणि वाक्याच्या मध्यात भाग दोन सुरू झाला. मुलीचा मूळ प्रश्न तर तसाच राहिला. आधी तिला "कुठलं मिनिट" माहीत नव्हतं, आता "कुठला भाग" माहीत नव्हतं.

तुकडा कुठं सुरू व्हावा हे घड्याळ सांगत नाही, मुलाच्या मनातला प्रश्न सांगतो. म्हणून दुसऱ्यांदा मी कात्रीला हात न लावता वही घेतली. व्हिडिओ दीडपट वेगानं लावला आणि तीनच गोष्टींच्या वेळा लिहीत गेलो. सर नवा प्रश्न कुठं उभा करतात, त्याचं उत्तर कुठं पूर्ण होतं आणि फळा कुठं पुसला जातो. तिसरी खूण फार कामाची आहे. शिकवणारा माणूस फळा पुसतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या डोक्यातही एक विषय संपलेला असतो. "बरं, आता" हे सरांचे शब्दही तसेच. पण ते सवयीनंही येतात, त्यामुळं नुसत्या शब्दावर जाऊ नये, डस्टरही हलला का ते बघावं.

वहीतल्या नोंदी अशा दिसायला लागल्या. सुरुवातीची ६ मिनिटं १० सेकंद हजेरी आणि आदल्या दिवसाचा गृहपाठ. तिथून १३:२५ पर्यंत आरशाचे भाग. तिथून २१:३४ पर्यंत किरणाकृती. २१:३४ ते २७:५२ चिन्हसंकेत. मग लाइट गेली, मुलांचा गलका, कौलांवर पाऊस, ही सगळी चार मिनिटं. ३१:४० ला गणित सुरू. शेवटी हाताशी सात तुकडे आले, सगळ्यात छोटा २ मिनिटं ४० सेकंदांचा, सगळ्यात मोठा ११ मिनिटं २५ सेकंदांचा. एकूण पंचेचाळीस मिनिटं. उरलेली तेहतीस मिनिटं हजेरी, गृहपाठ, लाइट आणि तेच पुन्हा सांगणं, यांत गेलेली. ती मूळ व्हिडिओत आहेत, कुणाला हवी असतील तर.

प्रत्येक तुकड्याला नाव दिलं तेही प्रश्नाचंच. "चिन्हसंकेत" असं नाव दिलं तर ज्याला चिन्हसंकेत हा शब्दच आठवत नाही त्याला तुकडा सापडणार नाही. "अंतर्गोल आरशाचं नाभीय अंतर ऋण का?" हे नाव सापडतं. आमच्याकडं आणखी एक गोष्ट आहे. मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान घेतलं की सगळं इंग्रजीत येतं. म्हणून नावाच्या पुढं मी "काँकेव्ह मिरर, फोकल लेंग्थ" हेही मराठी अक्षरांत लिहितो. पुढच्या वर्षी पीयूसीत बसलेला मुलगा हाच तुकडा त्या शब्दांनी शोधत येतो.

एक तुकडा मुलाला चुकीचं उत्तर शिकवून गेला

गणिताचा तुकडा ११ मिनिटं २५ सेकंदांचा होता. मला तो लांब वाटला. मध्ये, ३६ व्या मिनिटाच्या आसपास, सर एक उत्तर लिहून चौकट करतात आणि मागं वळतात. अगदी स्वच्छ जागा. मी तिथं कापून दोन तुकडे केले.

गणित असं होतं. अंतर्गोल आरशाचं नाभीय अंतर १५ सेंमी, वस्तू आरशापासून २० सेंमीवर, तर प्रतिमा कुठं? सरांची पद्धत अशी, की मुलं जी चूक हमखास करतात ती आधी स्वतः करून दाखवायची. त्यांनी वस्तूचं अंतर ऋण घेतलं, पण नाभीय अंतर मुद्दाम धन घेतलं. v म्हणजे प्रतिमेचं अंतर. सूत्रात टाकल्यावर १/v = १/१५ + १/२०, म्हणजे ७/६०, म्हणून v साधारण ८.५७ सेंमी. चौकट केली. मग वळून म्हणाले, "धन आलं, म्हणजे प्रतिमा आरशाच्या मागं. पण वस्तू तर नाभीच्या पलीकडं ठेवलीय, मग प्रतिमा मागं जाईलच कशी?" तिथून पुढं त्यांनी दोन्ही अंतरं ऋण घेऊन पुन्हा सोडवलं. १/v = −१/१५ + १/२० = −१/६०, v = −६० सेंमी. प्रतिमा आरशाच्या पुढं, उलटी, तिप्पट मोठी.

मी कापलेल्या पहिल्या तुकड्याचा शेवट कुठं झाला, तर ८.५७ च्या चौकटीवर. एका मुलानं तेवढाच तुकडा पाहिला आणि वहीत हुबेहूब तसंच गणित सोडवून आणलं. त्याची काहीच चूक नव्हती. सरांच्या हस्ताक्षरात, सरांच्या आवाजात, चौकटीसकट ते उत्तर त्यानं पाहिलं होतं.

पूर्ण लेक्चरमध्ये चूक आणि दुरुस्ती एकामागून एक येतात, म्हणून धोका नसतो. तुकडा मात्र एकटाच फिरतो. तेव्हापासून वहीत मी चौथी खूण करतो : सर जिथं काही खोडतात, किंवा "नाही, थांबा" म्हणतात, किंवा मुद्दाम चुकवतात, तिथं लाल पेनानं उभी रेघ, आणि दुरुस्ती पूर्ण होते तिथं दुसरी. या दोन लाल रेघांच्या मध्ये कात्री चालवायची नाही, तुकडा कितीही लांब होऊ दे. ११ मिनिटं २५ सेकंदांचा तो तुकडा आजही तसाच अख्खा आहे.

तसंच, "मघाशी काढली तीच आकृती घ्या" असं वाक्य आलं की थांबावं. ती मघाची आकृती दुसऱ्या तुकड्यात राहिलेली असते. आमच्या लेक्चरमध्ये चिन्हसंकेत समजावताना सर १९ व्या मिनिटाला काढलेल्या किरणाकृतीवर बोट ठेवतात. ती फळ्यावर आहे, पण ती कशी काढली हे तुकड्यात नाही. मी त्या आकृतीचा एक स्थिर फोटो व्हिडिओतूनच काढून तुकड्याच्या सुरुवातीला पाच सेकंद लावला. जिथं फोटोनं भागत नाही, तिथं मागच्या तुकड्यातलं अर्धं-पाऊण मिनिट पुढच्यात पुन्हा घ्यावं. दोन तुकडे एकमेकांवर थोडे चढले तर काही बिघडत नाही. गवंडीही विटांचे सांधे एकाखाली एक येऊ देत नाही.

क्रियापद शेवटी येतं

इंग्रजी लेक्चर कापणाऱ्यांच्या सूचना वाचून मी शेवटच्या शब्दाच्या अगदी जवळ कापायचो. मराठीत हे अंगाशी येतं. आपल्याकडं वाक्याचा निकाल शेवटच्या शब्दात असतो. "बहिर्गोल आरशाचं नाभीय अंतर ऋण नसतं." यातलं "नसतं" सर खालच्या आवाजात, फळ्याकडं वळता वळता म्हणतात. आवाजाच्या आलेखात तो शब्द इतका बारीक दिसतो, की वाक्य "ऋण" पाशीच संपलं असं वाटतं. तिथं कापलं की अर्थ उलटा होतो. बरं, आपल्याला ते वाक्य पाठ असल्यामुळं ऐकताना राहिलेला शब्द आपण मनातच भरून घेतो आणि चूक लक्षात येत नाही.

म्हणून शेवट डोळ्यांनी ठरवू नये. हेडफोन लावून शेवटची पाच सेकंदं ऐकावीत आणि शेवटच्या शब्दानंतर एक पूर्ण सेकंद सोडून कापावं. सुरुवातीला अर्धा सेकंद पुरतो, सर श्वास घेतात तेवढा.

याच कारणानं शांतता शोधून आपोआप कापणारी सोय मी वापरत नाही. ती सोय ठरावीक पातळीखालचा आवाज म्हणजे शांतता असं धरते. पावसाळ्यातल्या आमच्या रेकॉर्डिंगमध्ये तशी शांतता कुठंच नसते, कौलांवर धो धो चालू असतं. आणि जिथं खरी शांतता आहे, तिथं सर किरणाकृती काढत असतात. त्या वीस सेकंदांत मूल वहीत तीच आकृती काढतं. ती शांतता कापून टाकली, तर आकृती जादूनं फळ्यावर उगवल्यासारखी दिसते आणि कुठला किरण आधी काढायचा ते कळत नाही.

सात सेकंदांचा घोळ

आता यंत्राच्या बाजूचा एक मुद्दा. एकच सांगतो, पण नीट सांगतो, कारण माझे दोन दिवस यात गेले.

चिन्हसंकेताचा तुकडा मला २१:३४ ला सुरू करायचा होता. मी २१:३४ च टाकलं. तुकडा उघडला तर सुरुवात आधीच्या विषयाच्या शेपटानं, "...म्हणून ही प्रतिमा उलटी दिसते." दुसऱ्या मोबाइलवर तोच तुकडा उघडला तर सुरुवातीला चित्र गोठलेलं आणि आवाज मात्र चालू. मी वेळ पुन्हा पुन्हा तपासली. वेळ बरोबर होती.

कारण समजायला किराणा दुकानाची वही डोळ्यांसमोर आणा. दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाची पूर्ण बाकी रोज नव्यानं लिहीत नाही. महिन्याच्या सुरुवातीला एकदा पूर्ण बाकी लिहितो, मग रोज फक्त काय घेतलं आणि काय दिलं तेवढंच. सतरा तारखेची बाकी हवी असेल तर एक तारखेपासून जमा-नावे लावत यावं लागतं. सतरा तारखेचं पान एकटं फाडून नेलं तर त्यावरून काहीच कळत नाही.

व्हिडिओ तसाच साठवलेला असतो. सेकंदाला ३० चित्रं असतात, पण प्रत्येक चित्र पूर्ण साठवलं तर फाइल अवाढव्य होईल. म्हणून मधूनमधून एक चित्र पूर्ण साठवतात आणि त्यापुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढं. त्या पूर्ण चित्राला कीफ्रेम म्हणतात. व्हिडिओ नव्यानं न बनवता नुसता कापायचा असेल, तर तुकडा कीफ्रेमपासूनच सुरू होऊ शकतो. तुम्ही मागितलेल्या जागेवर कीफ्रेम नसेल, तर यंत्र मागच्या कीफ्रेमपर्यंत जातं. कुठला प्लेअर तो जास्तीचा भाग दाखवतो, तर कुठला चित्र गोठवून ठेवतो.

मोबाइलच्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये कीफ्रेम साधारण दर सेकंदाला असते, त्यामुळं तिथं हा घोळ जाणवत नाही. मी मात्र आधी १० जीबीची फाइल लहान करून घेतली होती. लहान करणारा एन्कोडर, `x264`, काही सांगितलं नाही तर दोन कीफ्रेममध्ये २५० चित्रांपर्यंत अंतर ठेवतो. सेकंदाला ३० चित्रं धरली तर हे ८.३ सेकंद होतात. फळ्याचं दृश्य फारसं बदलत नाही, त्यामुळं तो मध्ये कीफ्रेम टाकतही नाही. मी हे सगळं `ffmpeg` या मोफत प्रोग्रॅमनं करतो, त्याला टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करून द्यायच्या असतात. त्याच्याच सोबत येणाऱ्या `ffprobe` नं आपल्या फाइलमध्ये कीफ्रेम कुठं आहेत ते असं बघता येतं :

```
ffprobe -v error -select_streams v:0 -skip_frame nokey \
  -show_entries frame=pts_time -of csv=p=0 prakash.mp4
```

उत्तरात सेकंदांचे आकडे येतात. माझ्या जागेच्या आसपास हे आले :

```
1279.200000
1287.533333
1295.866667
```

२१:३४ म्हणजे १२९४ वा सेकंद. त्याच्या मागची कीफ्रेम १२८७.५ ला, म्हणजे साडेसहा सेकंद आधी. तेच ते शेपूट.

यावर उपाय असा, की आधी लहान करून मग कापायचं नाही. मूळ फाइलवरूनच कापायचं आणि त्याच फेरीत लहान करायचं. एन्कोडर नव्यानं चित्र बनवतो, त्यामुळं तो नेमक्या जागेपासून पूर्ण चित्र तयार करतो. शिवाय दोनदा लहान केलं की खडूची बारीक अक्षरं धुरकट होतात. ऋण चिन्हाची आडवी रेघ सगळ्यात आधी जाते आणि या धड्यात सगळा खेळ तिचाच आहे. मी वापरतो ती आज्ञा :

```
ffmpeg -ss 00:21:33.5 -to 00:27:53 -i mool.mp4 \
  -vf scale=-2:720 -c:v libx264 -crf 23 \
  -c:a aac -b:a 96k -movflags +faststart 03.mp4
```

यात `-ss` म्हणजे सुरुवात, `-to` म्हणजे शेवट. `scale=-2:720` उंची ७२० करतं, फळ्यावरची अक्षरं वाचायला तेवढी पुरते. `-crf 23` हा दर्जाचा आकडा आहे, तो लहान केला तर चित्र स्वच्छ आणि फाइल मोठी. अक्षरं धुरकट वाटली तर २० करून बघावं. `+faststart` मुळं फाइलची अनुक्रमणिका फाइलच्या सुरुवातीला जाते, म्हणून नेटवरून बघताना पूर्ण फाइल उतरायची वाट पाहावी लागत नाही. साडेसहा मिनिटांच्या आतला तुकडा माझ्याकडं ३८ एमबीचा झाला.

एक खड्डा आहे, त्यात पडू नका. `-ss` आणि `-to` दोन्ही `-i` च्या आधी हवेत. `-ss` आधी आणि `-to` नंतर लिहिलं, तर वेळ पुन्हा शून्यापासून मोजली जाते आणि २७:५३ हा शेवट न राहता तुकड्याची लांबी होते. ओळखायची खूण सोपी आहे : तुकडा सहा मिनिटांऐवजी जवळजवळ अठ्ठावीस मिनिटांचा निघतो.

आज्ञा टाइप करायची सवय नसेल तर `LosslessCut` हा मोफत प्रोग्रॅम चांगला आहे. त्यात उंदरानं खुणा करून सगळे तुकडे एकदम काढता येतात. पण तो व्हिडिओ नव्यानं न बनवता कापतो, म्हणून कीफ्रेमची अडचण तिथंही आहे. त्याला मोबाइलची मूळ फाइल द्यावी, लहान केलेली नव्हे. तुकडे मात्र मूळ फाइलइतकेच जड राहतात, तेव्हा लहान करण्याचं काम नंतर उरतंच.

मुलांपर्यंत पोचवताना

फाइलींची नावं `10-prakash-03.mp4` अशी. इयत्ता, धडा, क्रम. क्रमाला दोन आकडे ठेवावेत, नाहीतर काही मोबाइलमध्ये दहावा तुकडा दुसऱ्याच्या आधी जाऊन बसतो. प्रश्नाच्या रूपातलं नाव आणि मूळ लेक्चरमधली वेळ मी एका कागदावर छापतो, तो कागद वर्गात चिकटवलेला असतो. तुकडा अपुरा वाटला, तर मुलाला मूळ लेक्चरमध्ये नेमकं कुठं जायचं ते कळतं.

व्हॉट्सअॅपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून पाठवला की तो आणखी दाबला जातो आणि पुन्हा तीच ऋण चिन्हाची रेघ जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. ज्यांच्या गावात नेटच धड नाही त्यांना शाळेतच मोबाइलमध्ये भरून देतो. सातही तुकडे मिळून तीनशे एमबीच्या आत बसतात, १० जीबीची फाइल कुणाच्याच मोबाइलमध्ये बसली नसती.

नेट चांगलं असलेल्यांसाठी तुकडेच करायला हवेत असं नाही. अख्खा व्हिडिओ यूट्यूबवर चढवून वर्णनात वेळा आणि नावं लिहिली तरी प्रकरणं तयार होतात. पहिली वेळ `00:00` हवी, निदान तीन वेळा हव्यात, आणि प्रत्येक प्रकरण निदान दहा सेकंदांचं हवं. बेळगाव शहरात राहणाऱ्या मुलांना एवढं पुरतं, आणि वहीतल्या नोंदी त्याच वापरता येतात.

देण्याआधी एकदा मुलांचे आवाजही ऐकून घ्यावेत. कुणाला नावानं रागावलेलं असतं, कुणी चुकीचं उत्तर दिल्यावर वर्ग हसलेला असतो. वर्गात ते पाच मिनिटांत विसरलं जातं, तुकड्यात ते वर्षानुवर्षं राहतं. असं काही असेल तर तेवढा भाग काढावा किंवा तिथला आवाज बंद करावा.

सरांनी काय बदललं

लांबीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरच्या व्हिडिओंचा मोठा अभ्यास झाला होता. व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्यावर दिसलं, की व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी त्यावर साधारण सहा मिनिटांच्या आतच टिकतात. हा सहाचा आकडा सगळीकडं सांगितला जातो. त्याच अभ्यासातलं दुसरं निरीक्षण मात्र कमी सांगितलं जातं : वर्गातलं लेक्चर नंतर कापून केलेले तुकडे, मुळातच छोटे म्हणून आखलेल्या व्हिडिओंइतकं लक्ष धरून ठेवत नाहीत, मग ते रेकॉर्डिंग कितीही चांगलं असो.

मला हे पटलं, कारण ते मला रोज दिसत होतं. कात्रीनं जागा सापडते, पण शिकवताना ज्या गोष्टीला सुरुवात आणि शेवट नव्हता, तिला कात्री तो देऊ शकत नाही. आणि परत येऊन बघणारं मूल सहा मिनिटं मोजत नाही. चिन्हसंकेताचा तुकडा मुलांनी पूर्ण पाहिला का, हे मी विचारत नाही. कुठं थांबवून मागं नेला, हे विचारतो. बहुतेकांनी एकच जागा सांगितली : सर आपाती किरणाची दिशा बाणानं दाखवतात आणि म्हणतात, "या दिशेच्या उलट मोजलं की ऋण." तिथं बाण सरांच्या पाठीमागं झाकला जातो. ही अडचण कापून सुटणारी नव्हती.

मी सरांना वही दाखवली, लाल रेघांसकट. त्यांनी पुढच्या, भिंगांच्या तासाला चार गोष्टी केल्या. प्रत्येक विषयाच्या आधी प्रश्न मोठ्यानं म्हटला आणि दोन सेकंद थांबले. बाण काढल्यावर बाजूला सरकले. "मघाशी बघितलं" ऐवजी ती आकृती कोपऱ्यात पुन्हा लहान काढली. आणि मुद्दाम केलेल्या चुकीच्या गणितावर, चौकट करायच्या आधीच, लाल खडूनं मोठी फुली मारली.

आरशाच्या लेक्चरच्या जागा शोधायला मला अडीच तास लागले होते. भिंगांच्या लेक्चरला चाळीस मिनिटं लागली. जांबोटीच्या मुलीनं त्यातला तिसरा तुकडा मागून घेतला, "बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर धन का?", आणि दुसऱ्या दिवशी वहीत आरसा आणि भिंग शेजारी शेजारी काढून, दोन्हीकडं बाण दाखवून आणला.